‘ऑन’ खोडला, ‘टू’ राहिला

कार्यालयीन इंग्रजीतील दुरुस्त्यांचा क्रम कोणता असावा?

महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तीन राज्यांतील कृषी विज्ञान केंद्रांचे समन्वयन पुण्याच्या कृषी तंत्रज्ञान अनुप्रयोग संशोधन संस्थेकडे, म्हणजेच ‘अटारी’कडे आहे. मराठी आणि गुजराती विषयतज्ज्ञांचे अहवाल एकाच ठिकाणी वाचले जायचे, तर ते दोघांनाही समजणाऱ्या भाषेत असावे लागतात. देशातील इतर काही विभागांतही हीच स्थिती आहे. त्यामुळे शेतकऱ्याशी दिवसभर मराठीत बोलणारा विषयतज्ज्ञ सायंकाळी संगणकापुढे बसला, की इंग्रजीत लिहू लागतो. त्याचे विचार मराठीत चालतात, वाक्ये इंग्रजीत उतरतात आणि दोहोंच्या सांध्यावर एखादा ‘ऑन’, एखादा ‘ऑफ’, एखादा ‘अप’ आगंतुकासारखा येऊन बसतो.

‘एम्फसाइज ऑन’, ‘कम्प्राइजेस ऑफ’ आणि ‘कोप अप विथ’ ही या आगंतुकांची सर्वपरिचित उदाहरणे. वरिष्ठांकडून ईमेल तपासून परत येतो, तेव्हा लाल अक्षरांत प्रथम हीच खोडलेली दिसतात. ही दुरुस्ती योग्यच असते. मात्र ज्या ईमेलमधून पुढे शेतकऱ्यासाठी सल्ला तयार होणार आहे, त्यात केवळ याच दुरुस्त्या होत असतील आणि शेजारच्या वाक्यातील ‘टू’ किंवा ‘फॉर’ तसाच पुढे जात असेल, तर तपासणीचा क्रम चुकला आहे, असे म्हणावे लागेल. वाक्यात अधिकचा आलेला ‘ऑन’ फक्त कानाला खटकतो. चुकीच्या जागी बसलेला ‘टू’ मात्र खताची मात्रा बदलून टाकतो.

एक नमुना

नमुन्यासाठी रचलेला एक ईमेल घेऊ. रब्बी हंगामातील बागायती गव्हाबाबत एका विषयतज्ज्ञाने वरिष्ठांना चार वाक्ये लिहिली आहेत, असे समजावे.

पहिले वाक्य: ‘वुई एम्फसाइज्ड ऑन सॉइल टेस्टिंग.’ दुसरे: ‘द इनपुट किट कम्प्राइजेस ऑफ सीड, बायोफर्टिलायझर अँड अ लीफलेट.’ तिसरे: ‘टू कोप अप विथ द शॉर्टेज, फार्मर्स वेअर टोल्ड टू सबस्टिट्यूट डीएपी फॉर एसएसपी अँड युरिया.’ चौथे: ‘व्हेअर सॉइल नायट्रोजन इज हाय, द डोस शुड बी रिड्यूस्ड टू 25 पर्सेंट.’

ईमेल तपासून परत येतो. पहिल्या वाक्यातील ‘ऑन’, दुसऱ्यातील ‘ऑफ’ आणि तिसऱ्यातील ‘अप’ खोडलेले आहेत. तिन्ही दुरुस्त्या बिनचूक आहेत. तिसऱ्या वाक्याचा उरलेला भाग आणि चौथे वाक्य यांना कोणी हात लावलेला नाही, कारण त्यांत व्याकरणाची चूक नाही. आणि नेमकी तीच दोन वाक्ये शेतात नुकसान करणारी आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

हे कसे घडते, हे पाहण्यासाठी आधी त्या तीन आगंतुकांची उत्पत्ती समजून घ्यावी लागेल.

आगंतुक येतो कोठून?

‘एम्फसाइज ऑन’ लिहिणाऱ्यावर सहसा आरोप होतो, की तो मराठीचे शब्दशः भाषांतर करतो. मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर भर देतो, म्हणून इंग्रजीतही ‘वर’ साठी ‘ऑन’ येतो. हिंदीतही ‘पर ज़ोर देना’ अशीच रचना आहे. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. कन्नडमध्ये भर देण्याच्या प्रयोगाला ‘वर’ लागत नाही. तेथे ‘शिक्षणाला’ अशा अर्थाचा चतुर्थीचा प्रत्यय येतो. तमिळमध्ये तर या अर्थाचे क्रियापद सरळ कर्म घेते, म्हणजे रचना जवळजवळ इंग्रजीसारखीच आहे. तरीही कन्नड आणि तमिळ भाषकांच्या इंग्रजीतही ‘एम्फसाइज ऑन’ आढळतोच. याचा अर्थ दोष केवळ मातृभाषेचा नाही. दुसरे कारण खुद्द इंग्रजीतच दडलेले आहे.

इंग्रजीत ‘एम्फसिस’ हे नाम आहे आणि त्याला ‘ऑन’ लागतो. ‘एम्फसाइज’ हे त्याच नामापासून झालेले क्रियापद, आणि त्याला काहीही लागत नाही. भर देण्यातला ‘वर’ त्या क्रियापदाने आपल्या पोटातच सामावून घेतला आहे. ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालतो, ‘डिस्कस’ या क्रियापदाला चालत नाही. ‘रिक्वेस्ट फॉर सीड’ हा नामाचा प्रयोग बरोबर आहे, परंतु बियाणे मागण्याची क्रिया सांगताना ‘वुई रिक्वेस्टेड सीड’ एवढेच म्हणावे लागते. ‘इन्व्हेस्टिगेशन इन्टू’ बरोबर आहे, ‘इन्व्हेस्टिगेट इन्टू’ला शिष्टसंमत इंग्रजीत आज स्थान नाही. नाम आणि क्रियापद यांचे चेहरे इतके सारखे आहेत, की एकाचे शेपूट दुसऱ्याला लावले जाते. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या व्याकरणाच्या पुस्तकावर भारतातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यातही शब्दयोगी अव्यये घेणाऱ्या नामांच्या, विशेषणांच्या आणि क्रियापदांच्या याद्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. याद्या पाठ झाल्या, पण त्या वेगळ्या का दिल्या आहेत, हे वर्गात क्वचितच सांगितले गेले.

‘कम्प्राइजेस ऑफ’ची गोष्ट निराळी आहे. येथे दोन समानार्थी क्रियापदांची सरमिसळ झाली आहे. ‘कन्सिस्ट’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘एकत्र उभे राहणे’ या अर्थाचे आहे. वस्तू कशाची मिळून उभी आहे, हे सांगायला त्याला ‘ऑफ’ची गरज पडते. ‘कम्प्राइज’ हा शब्द फ्रेंचमार्गे आला असून त्याच्या मुळाशी ‘मुठीत धरणे’, ‘कवेत घेणे’ हा अर्थ आहे. मूठ वस्तूला थेट धरते, मध्ये कोणी लागत नाही. म्हणून ‘द किट कम्प्राइजेस सीड’ असे लिहावे, किंवा ‘द किट कन्सिस्ट्स ऑफ सीड’ असे लिहावे. मराठीतील ‘चा बनलेला’ या प्रयोगातील षष्ठीचा ‘चा’ या गोंधळाला हातभार लावतो, हे खरे.

या शब्दाबाबत अर्थाचा एक भेदही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘इन्क्लूड’ म्हटले, की त्यात अमुक गोष्टी आहेत एवढेच कळते, आणखीही काही असू शकते. ‘कम्प्राइज’ म्हटले, की यादी पूर्ण झाली. संचात बियाणे, जैविक खत आणि माहितीपत्रक एवढेच असेल, तर ‘कम्प्राइजेस’ योग्य. त्याबरोबर बीजप्रक्रियेचे औषधही दिले असेल आणि ते वाक्यात लिहायचे राहिले असेल, तर वाचणाऱ्याने ते दिलेच नाही असे समजण्यात त्याची चूक नाही. ‘ऑफ’ खोडणाऱ्याने हा प्रश्नही विचारायला हवा, कारण साठा-नोंदवहीत पुढे फरक दिसतो तो याच ठिकाणी.

तिसरा आगंतुक ‘अप’. ‘कोप’ या शब्दाचे जुन्या फ्रेंचमधील मूळ ‘प्रहार’ या अर्थाचे आहे. ‘कोप विथ’ म्हणजे मुळात एखाद्याशी दोन हात करणे. मराठीत आपण दुष्काळाशी झुंजतो. हा तृतीयेचा ‘शी’ आणि इंग्रजीतील ‘विथ’ येथे तंतोतंत जुळतात. म्हणजे मातृभाषेचाच आधार घेतला असता, तर चूक झाली नसती. ‘अप’ आला आहे तो ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ या इंग्रजीतील शेजाऱ्यांकडून. कानाला ‘अप विथ’ची सवय जडली आणि ती ‘कोप’लाही चिकटली. मराठी माणसाची प्रत्येक इंग्रजी चूक मराठीतून येते, हा समज सोडून देण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

ओळखण्याची खूण

याद्या पाठ करण्यापेक्षा एक साधी कसोटी अधिक उपयोगी पडते. ती अहवाल लिहिणाऱ्यांच्या हातची आहे, कारण अहवालात कर्मणी प्रयोग सतत वापरला जातो. शंका आली, की वाक्य कर्मणी करून पाहावे आणि क्रियापदानंतर ते अव्यय उरते का, ते ऐकावे.

‘सॉइल टेस्टिंग वॉज एम्फसाइज्ड’ हे वाक्य पूर्ण वाटते. त्यापुढे ‘ऑन’ लावून पाहिला, की वाक्य लटकते. म्हणजे ‘ऑन’ मुळातच अनावश्यक होता. ‘द प्रॉब्लेम वॉज डिस्कस्ड’ हेही पूर्ण आहे, म्हणून ‘अबाउट’ नको. याउलट कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्यांविषयी ‘द बॉटल्स वेअर डिस्पोज्ड ऑफ’ असेच म्हणावे लागते. येथे ‘ऑफ’ काढला तर वाक्य तुटते, म्हणून तो क्रियापदाचा खरा सोबती आहे. ‘कोप’च्या बाबतीत ‘विथ’ टिकतो, ‘अप’ टिकत नाही.

या कसोटीलाही मर्यादा आहे. ‘कम्प्राइज’ तिच्यात बसत नाही, कारण ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ हा कर्मणी प्रयोग इंग्रजीत दीर्घकाळ रूढ असून काही प्रतिष्ठित कोशांनी त्याची नोंद घेतली आहे. काही काटेकोर संपादकांना तो आजही मान्य नाही. त्यावरून वाद चालू असला, तरी कर्तरी ‘कम्प्राइजेस ऑफ’ला दोन्ही पक्षांकडून दोषच दिला जातो. या एका शब्दासाठी वेगळी खूण वापरावी: त्याच्या जागी ‘इन्क्लूड्स’ ठेवून पाहावे. ‘इन्क्लूड्स ऑफ’ कोणी म्हणत नाही, तर ‘कम्प्राइजेस ऑफ’ही म्हणू नये.

कसोटी न देता नुसतेच खोडत गेल्याने काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. वारंवार अव्यये खोडलेली पाहून लिहिणारा धास्तावतो आणि आवश्यक तेथेही ती गाळू लागतो. ‘डिस्पोज ऑफ’चे ‘डिस्पोज’ होते, ‘अप्लाय फॉर लीव्ह’चे ‘अप्लाय लीव्ह’ होते, ‘वेट फॉर’चे ‘वेट’ होते. कारण न सांगता केलेली दुरुस्ती एक चूक काढते आणि दुसरी पेरते.

शेतात जाणारी दोन अव्यये

आता नमुन्यातील न खोडलेल्या वाक्यांकडे वळू. आधी चौथे वाक्य. जमिनीत नत्राचे प्रमाण अधिक असेल, तर शिफारशीतील मात्रा 25 टक्क्यांनी कमी करावी, असे विषयतज्ज्ञाला सांगायचे आहे. त्याने लिहिले आहे ‘रिड्यूस्ड टू 25 पर्सेंट’. याचा अर्थ मात्रा 25 टक्क्यांवर आणावी.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी महाराष्ट्रात हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश ही शिफारस परिचित आहे. नत्र 25 टक्क्यांनी कमी केले, तर 90 किलो उरते. 25 टक्क्यांवर आणले, तर 30 किलो उरते. फरक 60 किलो नत्राचा, म्हणजे सुमारे 130 किलो युरियाचा. 45 किलोच्या गोण्यांत मोजले, तर हेक्टरी जवळजवळ तीन गोण्या. जमिनीत नत्राचा साठा चांगला असला, तरी एवढ्या तुटीत गव्हाचे फुटवे कमी पडतील आणि खालची पाने पिवळी होतील. चूक तेव्हा दिसेल, पण ती ईमेलमधील एका शब्दातून आली आहे, असे कोणाच्या मनातही येणार नाही. दोष बियाण्याला, पाण्याला किंवा माती परीक्षणाला दिला जाईल.

अनुभवी विषयतज्ज्ञाच्या हातून असे का लिहिले जावे? उत्तर मराठीत आहे. ‘मात्रा 25 टक्क्यांपर्यंत कमी करावी’ हे वाक्य आपण सहज बोलतो. बोलणाऱ्याच्या मनात अर्थ असतो तो जास्तीत जास्त 25 टक्के कपात, असा. परंतु तेच वाक्य ‘25 टक्के उरेपर्यंत कमी करावी’ असेही वाचता येते. मराठीतील हा ‘पर्यंत’ मुळातच संदिग्ध आहे. तो इंग्रजीत नेताना ‘टू’ होतो आणि संदिग्धता जाऊन चुकीचा अर्थ पक्का होतो. जास्तीत जास्त कपात सांगायची असेल, तर ‘बाय अप टू 25 पर्सेंट’ असे लिहावे लागते. नेमकी कपात सांगायची असेल, तर ‘बाय 25 पर्सेंट’. मराठीत ‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्क्यांवर’ ही दोन रूपे स्पष्ट आहेत. सल्ल्यात ‘पर्यंत’ टाळून तीच वापरावीत.

तिसऱ्या वाक्यातील घोटाळा याहून सूक्ष्म आहे. डीएपीची टंचाई आहे, म्हणून त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरिया वापरावे, असा सल्ला द्यायचा होता. त्यामागील हिशेब सरळ आहे. डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन गोण्यांतून 24 किलो स्फुरद मिळते आणि सुमारे 20 किलो युरियातून 9 किलोंच्या आसपास नत्र मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतो, हा वरचा लाभ.

विषयतज्ज्ञाने लिहिले: ‘सबस्टिट्यूट डीएपी फॉर एसएसपी अँड युरिया’. इंग्रजीत ‘सबस्टिट्यूट’ या क्रियापदानंतर लगेच येते ती नवी वस्तू, आणि ‘फॉर’नंतर येते ती काढून टाकायची वस्तू. म्हणजे या वाक्याचा अर्थ झाला, की सुपर फॉस्फेट आणि युरिया सोडून डीएपी वापरा. टंचाईवरचा उपाय सांगणारे वाक्य शेतकऱ्याला टंचाईच्याच रांगेत उभे करते.

याचेही मूळ मराठीच्या शब्दक्रमात आहे. आपण म्हणतो, ‘डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट वापरा’. काढायची वस्तू आधी, घ्यायची नंतर. ‘ऐवजी’ हा शब्द काढायच्या वस्तूला चिकटतो आणि इंग्रजीतील ‘फॉर’ही काढायच्या वस्तूलाच चिकटतो. अव्यये जुळतात, क्रम मात्र उलटा आहे. लिहिणारा मराठी क्रमाने डीएपी आधी लिहितो आणि ‘फॉर’ इंग्रजी सवयीने मध्ये टाकतो. येथे सुरक्षित वाट म्हणजे ‘सबस्टिट्यूट’ हा शब्दच टाळणे. ‘रिप्लेस डीएपी विथ एसएसपी अँड युरिया’ या रचनेत काढायची वस्तू आधी येते, म्हणजे ती मराठीच्या चालीची आहे. त्याहूनही निःसंदिग्ध वाक्य म्हणजे ‘यूज एसएसपी अँड युरिया इन्स्टेड ऑफ डीएपी’. त्यात कोणालाही अडखळण्यास जागा नाही.

दुरुस्तीचा क्रम

यावर एक आक्षेप संभवतो. विषयतज्ज्ञाचा आशय काय होता, हे जाणकाराला कळतेच. डीएपी टंचाईच्या काळात डीएपी वापरा असे कोण म्हणेल? मग एवढी चिकित्सा कशाला?

आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते ईमेल वाचणाऱ्या जाणकारापुरतेच. ईमेल तेथे थांबत नाही. त्यातील वाक्य उचलून मासिक अहवालात जाते, अहवालातून सल्ला-पत्रकात जाते, पत्रकाचे मराठी भाषांतर होते आणि त्याचा संक्षेप मोबाइलवर लघुसंदेश म्हणून पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर संदर्भ गळत जातो आणि शब्द तेवढे उरतात. भाषांतरकार कृषी पदवीधर असेलच असे नाही. त्याने ‘रिड्यूस्ड टू 25 पर्सेंट’चे ‘25 टक्क्यांवर आणावी’ असे भाषांतर केले, तर त्याने आपले काम प्रामाणिकपणे केले, असेच म्हणावे लागेल. ‘एम्फसाइज ऑन’ मात्र पहिल्याच भाषांतरात विरघळून जातो. मराठीत तो ‘वर भर दिला’ असाच येणार आणि तेथे तो बरोबरच आहे.

यातून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. ज्या वाक्यात आकडा, टक्केवारी, तारीख किंवा पर्यायी निविष्ठा आहे, त्यातील अव्यय सर्वांत आधी तपासावे. ‘बाय’ की ‘टू’, ‘फॉर’ की ‘विथ’, तारखेपूर्वीच्या अर्थाचा ‘बाय’ की तारखेपर्यंत चालू राहण्याच्या अर्थाचा ‘अन्टिल’, हे पाहावे. ‘कम्प्लीट सोइंग बाय 15 नोव्हेंबर’ म्हणजे त्या तारखेच्या आत पेरणी संपवा. ‘कन्टिन्यू सोइंग अन्टिल 15 नोव्हेंबर’ म्हणजे तोपर्यंत पेरत राहा. एकात घाई आहे, दुसऱ्यात सवलत. शक्य तेथे टक्केवारीऐवजी किलोच लिहावेत. ‘120 किलोवरून 90 किलो’ असे लिहिल्यावर कोणत्याही भाषेतील कोणतेही अव्यय त्याचा अर्थ फिरवू शकत नाही.

त्यानंतरचा क्रम बाहेर जाणाऱ्या लेखनाचा. प्रकल्प-प्रस्ताव, प्रकाशनासाठीचा लेख आणि दुसऱ्या संस्थेशी करावयाचा करार यांत ‘एम्फसाइज ऑन’, ‘कम्प्राइजेस ऑफ’ आणि ‘कोप अप विथ’ अवश्य दुरुस्त व्हावेत. तेथील परीक्षक लिहिणाऱ्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त वाक्ये असतात आणि भाषेतील सैलपणावरून तो प्रयोगातील सैलपणाचा अंदाज बांधू शकतो. तो अंदाज अन्यायाचा असेल, पण एक शब्द गाळून टाळता येण्यासारखा आहे.

सर्वांत शेवटी आपसातील ईमेल. सहकाऱ्याने सहकाऱ्याला लिहिलेल्या दोन ओळींत ‘डिस्कस अबाउट’ आला, तर तो तसाच राहू द्यावा. ‘डिस्कस अबाउट’ भारतातच नव्हे, तर आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांच्या इंग्रजीत ऐकू येतो आणि त्याने कोणाचेही काम अडत नाही.

दुरुस्ती कशी कळवली जाते, हेही या क्रमाइतकेच महत्त्वाचे आहे. सर्वांना प्रती पाठवून एखाद्याचा ‘अप’ लाल अक्षरांत खोडला, तर तो शब्द त्या व्यक्तीकडून पुन्हा येणार नाही, हे खरे. पण पुढच्या वेळी ईमेलच आखूड येण्याची शक्यता अधिक. ‘गव्हावर तांबेऱ्याचे पुंजके दोन गावांत दिसले’ हे निरीक्षण इंग्रजीत नीट मांडता येईल की नाही, या धाकाने ते लिहायचे राहून जाते. त्याची किंमत कोणत्याही अव्ययापेक्षा जास्त आहे. म्हणून दुरुस्ती ज्याची त्यालाच कळवावी आणि सोबत एका ओळीत कारण द्यावे: नामाला ‘ऑन’ लागतो, क्रियापदाला नाही. कारण कळलेला माणूस ‘डिस्कस’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ हे तिन्ही शब्द स्वतःच दुरुस्त करतो. आकड्याच्या वाक्याबाबत शंका असेल, तर परस्पर बदल न करता लिहिणाऱ्यालाच विचारावे: ‘किती किलो अभिप्रेत आहे?’ कारण ‘टू’ चूक की 25 हा आकडा चूक, हे तपासणाऱ्याला घरबसल्या ठरवता येत नाही.

प्रगतिशील शेतकऱ्यांकडेही यात एक काम येते. मोबाइलवर आलेल्या सल्ल्यात ‘पर्यंत कमी करा’ किंवा ‘ऐवजी’ असे शब्द दिसले आणि मात्रा नेहमीपेक्षा फारच वेगळी वाटली, तर तो सल्ला अमलात आणण्याआधी केंद्राला दूरध्वनी करून किलोत आकडा विचारून घ्यावा. 120 किलोच्या जागी 30 किलो नत्र सांगितले जात असेल, तर संशय घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. अशा एका दूरध्वनीने चूक मागे मागे जात त्या मूळ ईमेलपर्यंत पोहोचते आणि तेथील ‘टू’चा ‘बाय’ होतो. मग त्याच ईमेलमध्ये ‘एम्फसाइज’पुढे ‘ऑन’ राहून गेला असेल, तरी त्या गव्हाला त्याने काही फरक पडत नाही.